नांदेडचा चंद्र मुंबईच्या आधी

कॅलेंडरातल्या चौकोनात संकष्टीला चंद्रोदयाची जी वेळ छापलेली असते, ती पाहून नांदेडात कुणी उपास सोडत असेल तर तो माणूस दर महिन्याला अठरा मिनिटं फुकट उपाशी बसतो. आमच्या स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरात तरी ती वेळ मुंबईची आहे. बाकीच्या गावांचा तक्ता मागच्या पानावर, बारीक टाइपात, राशिभविष्याच्या शेजारी. सकाळपासून भगर आणि दाण्याच्या आमटीवर असलेला माणूस रात्री पान उलटून तक्ता शोधत बसत नाही, हे छापणाऱ्यालाही ठाऊक असणार.

आमचं घर या बाबतीत सुदैवी आहे, कारण नातेवाईक चारी दिशांना पांगलेले आहेत. आम्ही नांदेडला, ताई संभाजीनगरला, आत्या धाराशिवला आणि दादा-वहिनी मुंबईला. संकष्टीच्या रात्री घरच्या ग्रुपवर सगळ्यांत आधी आमचा निरोप पडतो आणि दादाचा शेवटी. "तुमचं बरंय, तुम्ही जेवून उठता तेव्हा आमचं ताटसुद्धा वाढलेलं नसतं," असं वहिनी म्हणते. आत्या आणि ताई यांचं मात्र काही खरं नसतं. दिवाळीच्या सुमाराला दोघींचे निरोप एकाच मिनिटाला येतात, आणि वैशाखात आत्या चांगली पाच-सहा मिनिटं पुढे असते. पहिल्यांदा वाटायचं, आत्याला भूक आवरत नाही. पण आत्या तसली नाही, आणि कारण थेट आकाशातलं आहे.

त्याआधी उपास चंद्रोदयालाच का सोडायचा, ते बघू. याचं उत्तर बहुतेक जण गोष्टीनं देतात. चंद्र गणपतीला हसला, गणपतीनं शाप दिला, मग उःशाप मिळाला वगैरे. गोष्ट गोड आहे, पण पंचांगकर्त्याचं काम तिच्यावर भागत नाही. त्याला ठरवायचं असतं की चतुर्थी सोमवारी दुपारी लागून मंगळवारी दुपारी संपत असेल तर व्रत कोणत्या दिवशी. तिथी काही रात्री बाराला बदलत नाही, ती दिवसाच्या कोणत्याही क्षणी बदलते. चंद्र सूर्याच्या पुढे बारा अंश सरकला की एक तिथी पूर्ण. चंद्राची गती कमीजास्त होते म्हणून तिथी कधी वीस तासांची, कधी जवळजवळ सत्तावीस तासांची.

यावर धर्मशास्त्राचा तोडगा असा की ज्या वेळेला व्रताचं मुख्य कर्म असतं, त्या वेळेला जी तिथी असेल ती धरायची. शुद्ध चतुर्थीला, म्हणजे विनायकीला, गणपतीची पूजा मध्यान्ही. म्हणून मध्यान्हाला चतुर्थी असेल तो दिवस विनायकी. त्या दिवशीचा चंद्र सकाळीच, नऊ-दहाच्या सुमाराला उगवलेला असतो आणि उन्हात कुणाला दिसत नाही, त्यामुळे त्याच्या उगवण्याला काही धरून ठेवावं असं कुणाच्या मनात आलं नसावं. वद्य चतुर्थीचा चंद्र मात्र सूर्य मावळल्यावर दोन-अडीच-तीन तासांनी, पूर्ण अंधारात, सगळ्यांच्या देखत उगवतो. संकष्टीचं मुख्य कर्म त्याच्याशी बांधलेलं आहे. गणपतीची पूजा, मग तीन अर्घ्यं: एक गणपतीला, एक खुद्द चतुर्थी तिथीला आणि एक चंद्राला. चंद्राच्या अर्घ्याचा मंत्र 'गगनार्णवमाणिक्य' असा सुरू होतो, आकाशसमुद्रातलं माणिक. हे माणिक वर आल्याशिवाय अर्घ्य नाही, आणि पूजा पुरी झाल्याशिवाय जेवण नाही. उपास चंद्रोदयाला सुटतो तो एवढ्यासाठी. जेवण हा त्या कर्माचाच शेवटचा भाग आहे.

पंढरपूरच्या काशीनाथशास्त्री उपाध्यायांनी १७९० मध्ये लिहिलेल्या धर्मसिंधूत संकष्टीचा निर्णय चार-पाच ओळींत आटपला आहे. चंद्रोदयाच्या वेळी चतुर्थी असेल तो दिवस घ्यावा. दोन्ही दिवशी चंद्रोदयाला चतुर्थी सापडली तर आदला, तृतीयेला जोडलेला दिवस घ्यावा. दोन्ही दिवशी सापडली नाही तर दुसरा घ्यावा. (त्याआधीचा, १६१२ चा निर्णयसिंधू लिहिणारे कमलाकरभट्ट काशीचे, पण घराणं मूळचं आपल्या पैठणचं. त्यांचे पणजोबा काशीला गेले. आपल्याकडच्या सणावारांचे निकाल निम्म्याहून अधिक या दोन पुस्तकांवर लागतात, तेव्हा मराठवाड्यानं एवढा हक्क सांगायला हरकत नाही.)

आता या नियमात एक गंमत दडलेली आहे. तिथी बदलण्याचा क्षण सगळ्या पृथ्वीला एकच असतो. चंद्र-सूर्यातलं अंतर पृथ्वीच्या मध्यातून मोजतात, त्यात मुंबई-नांदेड असा भेद नाही. चंद्रोदय मात्र ज्याच्या त्याच्या क्षितिजाचा. एक गोष्ट सगळ्यांची आणि एक गोष्ट फक्त आपल्या गावाची, यांची गाठ घालून संकष्टी ठरते. वेळेचे सगळे घोळ तिथून निघतात.

नांदेड आणि मुंबई ही जोडी हिशेबाला सोपी आहे, कारण दोन्ही गावं जवळजवळ एकाच अक्षांशावर आहेत, एकोणीस अंशांच्या किंचित वर. फरक आहे तो फक्त पूर्व-पश्चिम. मुंबई रेखांश ७२.९ च्या आसपास, नांदेड ७७.३. म्हणजे सुमारे साडेचार अंशांचा फरक. पृथ्वी चोवीस तासांत ३६० अंश फिरते, एका अंशाला चार मिनिटं. साडेचार गुणिले चार, अठरा. पृथ्वी पश्चिमेकडून पूर्वेकडे फिरते म्हणून पूर्वेकडचं गाव आधी चंद्रासमोर येतं. त्या अठरा मिनिटांत चंद्रही आपल्या कक्षेत थोडा पूर्वेकडे सरकतो, त्यामुळे मुंबईला आणखी अर्धं मिनिट वाट पाहावी लागते. ती मोजण्यात अर्थ नाही.

याच हिशेबानं संभाजीनगर नांदेडच्या मागे आठ मिनिटं, परभणी दोन-सव्वादोन मिनिटं, पुणं चौदा मिनिटं. आपल्या गावाचा रेखांश मोबाइलच्या नकाशात बोट दाबून धरलं की दिसतो. दोन आकड्यांपैकी दुसरा तो. त्यातून ७२.९ वजा करायचे, चारनं गुणायचं आणि ती मिनिटं मुंबईच्या वेळेतून कमी करायची. मराठवाड्यातल्या कुठल्याही खेड्याला हे चालतं, थोडं इकडंतिकडं. ते इकडंतिकडं कशानं होतं ते पुढे सांगते.

पण मला जास्त मौज वाटते ती दुसऱ्या गोष्टीची. हा अठरा मिनिटांचा फरक चंद्राचा नाहीच, तो आपल्या घड्याळाचा आहे. १ जानेवारी १९०६ पासून आपण देशभर एक वेळ धरली, ती मिर्झापूरजवळून जाणाऱ्या साडेब्याऐंशी रेखांशाची. नांदेडची स्वतःची वेळ त्या वेळेच्या एकवीस मिनिटं मागे आहे, आणि मुंबईची एकोणचाळीस मिनिटं. मुंबईकरांनी तर ही एकोणचाळीस मिनिटं इतकी मनाला लावून घेतली की कितीतरी ठिकाणी जुनी 'बॉम्बे टाइम' १९५५ पर्यंत चालू ठेवली. एकोणचाळीसमधून एकवीस गेले, राहिले अठरा. घड्याळातला चंद्रोदयाचा फरक तो हाच.

घटिकापात्र वापरणाऱ्या माणसाला हा फरक कळलासुद्धा नसता. तो सूर्यास्तापासून घटका मोजायचा, चोवीस मिनिटांची एक. चंद्र सूर्यास्तानंतर सहा घटकांनी उगवणार असेल तर तो नांदेडातही सहा घटकांनी आणि मुंबईतही सहाच घटकांनी, कारण नांदेडात सूर्यही अठरा मिनिटं आधीच मावळलेला असतो. उपाशी राहण्याचा काळ दोघांचा सारखाच. वहिनीला हे सांगून पाहिलं. ती म्हणाली, "पण सकाळी मी पण सहालाच उठले ना."

हेही खरंच.

आता आत्या आणि ताईंचं कोडं. संभाजीनगर ७५.३ रेखांशावर, धाराशिव ७६ वर. पाऊण अंशाला थोडं कमी, म्हणजे धाराशिवला चंद्र तीनेक मिनिटं आधी उगवायला हवा, आणि बारा महिने तेवढाच आधी. तसं होत नाही, कारण या दोन गावांत उत्तर-दक्षिण अंतरही आहे. संभाजीनगर जवळजवळ वीस अंशांवर, धाराशिव अठरापेक्षा जरा वर.

सूर्य जसा उन्हाळ्यात उत्तरेला झुकतो आणि थंडीत दक्षिणेला, तसा चंद्रही झुकतो, फक्त वर्षाऐवजी महिन्याभरात एक फेरी पुरी करतो. वद्य चतुर्थीचा चंद्र सूर्याच्या जवळजवळ समोर असतो, त्यामुळे साधारण उलटा प्रकार होतो. आश्विन, कार्तिक, मार्गशीर्षातल्या संकष्टीला सूर्य दक्षिणेकडे गेलेला आणि चंद्र चांगला उत्तरेला. चैत्र, वैशाख, ज्येष्ठात सूर्य उत्तरेकडे आणि चंद्र दक्षिणेला. उन्हाळ्यात सूर्य उत्तरेला असताना दिल्लीचा दिवस आपल्यापेक्षा मोठा असतो, तिथे सूर्य लवकर उगवून उशिरा मावळतो, हे आपल्याला ठाऊक आहे. चंद्रालाही तोच नियम. चंद्र उत्तरेला असेल तर जितकं गाव उत्तरेला तितका तो लवकर उगवणार, दक्षिणेला असेल तर तितका उशिरा.

कार्तिकात चंद्र वीस-बावीस अंश उत्तरेला असला की अक्षांशाच्या फरकामुळे संभाजीनगरला तीनेक मिनिटांचा फायदा होतो. रेखांशामुळे धाराशिवला तीन मिनिटांचा फायदा होताच. दोन्ही फिटले, म्हणून आत्या आणि ताईंचे निरोप एकाच मिनिटाला. वैशाखात चंद्र तेवढाच दक्षिणेला. आता अक्षांशाचा फायदाही धाराशिवला, तीन आणि तीन सहा. आत्या पुढे. गावांची रेखांशावरून काढलेली वेळ थोडी इकडंतिकडं होते म्हटलं, ते हे. मराठवाड्यापुरतं ते दोन-चार मिनिटांच्या वर जात नाही.

दिल्लीपर्यंत गेलं की मात्र हे प्रकरण मोठं होतं. दिल्ली आणि नांदेड जवळजवळ एकाच रेखांशावर आहेत. नकाशात नांदेडहून सरळ वर बोट नेलं की दिल्ली येते. म्हणजे घड्याळाचा फरक शून्य, जो काही आहे तो अक्षांशाचा. आपली आश्विन वद्य चतुर्थी म्हणजे त्यांची करवा चौथ. चंद्र उत्तरेला. त्या रात्री टीव्हीवर दिल्लीच्या गच्च्यांवरून चाळणीतून चंद्र बघणाऱ्या बायका दाखवतात तेव्हा नांदेडात चंद्र निघायला वीसेक मिनिटं अवकाश असतो, आणि मुंबईकरांना तर पाऊण तासाच्या आसपास. शेजारच्या काकू एकदा टीव्ही बघून आरतीचं ताट घेऊन गच्चीवर धावल्या होत्या. वैशाखातल्या संकष्टीला याच्या उलट होतं. तेव्हा नांदेडचा चंद्र दिल्लीच्या आधी येतो. पण वैशाखात टीव्हीवर कुणी दाखवत नाही, त्यामुळे आपला हा विजय कुणाला कळत नाही.

याच झुकण्यामुळे वर्षभरात संकष्टीची वेळही इतकी हलते. आश्विन-कार्तिकात सूर्य सहाच्या आत-बाहेर मावळतो, चंद्र उत्तरेला, सव्वाआठ-साडेआठला ताट समोर. वैशाख-ज्येष्ठात सूर्यच सातला मावळतो, चंद्र दक्षिणेला रेंगाळतो, आणि दहा वाजून जातात. मराठवाड्यातला मे महिना, दिवसभर पाणी पिऊन पोट डबडबलेलं आणि दहापर्यंत जेवण नाही. पुण्य मोजायचंच असेल तर वैशाखातल्या संकष्टीला दीडपट धरावं, असं माझं मत आहे.

तर वेळ बदलते, एवढं कळलं. पण कधीकधी वेळेच्या जोडीनं तारीखही बदलू शकते. समजा एका रात्री नांदेडात चंद्र ८:५८ ला उगवतो आणि मुंबईत ९:१६ ला. आणि त्याच रात्री तृतीया संपून चतुर्थी लागते ९:०५ ला. नांदेडात चंद्र उगवला तेव्हा तृतीया होती. मुंबईत उगवला तेव्हा चतुर्थी. धर्मसिंधूचा नियम लावून पाहा. दुसऱ्या रात्री चंद्र आणखी पाऊण-एक तास उशिरा, पावणेदहाच्या सुमाराला येणार. चतुर्थी छोटी असेल आणि त्याआधीच संपत असेल, तर मुंबईत ती फक्त पहिल्या रात्री सापडली, म्हणून मुंबईची संकष्टी पहिल्या दिवशी. नांदेडात ती दोन्ही रात्री सापडली नाही, आणि सापडली नाही तर दुसरा दिवस. चतुर्थी मोठी असेल आणि दुसऱ्या रात्रीच्या चंद्रोदयापर्यंत टिकली, तर मुंबईत दोन्ही रात्री सापडली, आणि दोन्ही सापडल्या तर पहिला दिवस. नांदेडात फक्त दुसऱ्या रात्री, म्हणून दुसरा. चतुर्थी छोटी असो की मोठी, निकाल तोच. मुंबईनं एका दिवशी उपास करायचा, नांदेडानं दुसऱ्या.

असं होण्यासाठी तृतीया नेमकी त्या अठरा मिनिटांच्या फटीत संपायला हवी. एका चंद्रोदयापासून दुसऱ्यापर्यंत सरासरी चोवीस तास पन्नास मिनिटं जातात. त्यातली अठरा म्हणजे ऐंशी संकष्ट्यांत अंदाजे एखादी, सहा-सात वर्षांतून एकदा. तेव्हा कॅलेंडरवाले तळाशी अमुक गावांत संकष्टी उद्या, अशी ओळ टाकतात, किंवा टाकत नाहीत. ती ओळ मी बघत असते. अंगारकीच्या बाबतीत असं झालं तर राजूरच्या गणपतीला गर्दी सोमवारी करायची की मंगळवारी, यावर जालना जिल्ह्यात काय चर्चा होईल, ती ऐकायला मला आवडेल.

शेवटचा प्रश्न, छापील वेळ आणि प्रत्यक्ष चंद्र यांचा. तक्त्यात आपल्या गावाची बरोबर वेळ बघून गच्चीवर गेलं तरी चंद्र दिसत नाही, हा सार्वत्रिक अनुभव. छापील चंद्रोदय म्हणजे सपाट, मोकळ्या क्षितिजाला चंद्र टेकतो तो क्षण. गोदाकाठच्या काळ्या रानात उभं राहिलं तर असं क्षितिज मिळतं. शहरात ते मिळत नाही. हात लांब करून मूठ धरली की ती सुमारे दहा अंश झाकते, आणि आपल्याकडे चंद्राला तेवढं चढायला पाऊण तास लागतो. एक बोट म्हणजे साधारण दोन अंश, नऊ-दहा मिनिटं. आमच्या पूर्वेला एक चार मजली इमारत झाली आहे, ती गच्चीतून दीड मूठ भरते. म्हणजे छापील वेळेनंतर तासाहून जास्त. बालाघाटच्या कुशीतल्या किंवा अजिंठ्याच्या डोंगराच्या पायथ्याच्या गावांना इमारत नसली तरी डोंगर असतो, त्यांनी दोन-तीन बोटं धरूनच चालावं.

शिवाय क्षितिजालगतचा चंद्र जाड हवेतून येतो, तांबूस आणि मंद. मोकळ्या रानातसुद्धा तो चांगला डोळ्यांत भरायला थोडा वर यावा लागतो. दोन पंचांगांत दोन-चार मिनिटांचा फरक दिसला तर तेही भांडण करण्यासारखं नाही. चंद्राची वरची कड दिसली की उदय धरायचा की मध्य वर आला की, यात एक मिनिट जातं. आणि चंद्र जवळ असल्यामुळे पृथ्वीच्या मध्यातून पाहिला तर जिथे असेल त्यापेक्षा आपल्याला क्षितिजावर जवळजवळ एक अंश खाली दिसतो, ती दुरुस्ती कुणी केली आणि कुणी केली नाही यात चार मिनिटं जातात.

श्रावण-भाद्रपदात ढग असले की हा सगळा हिशेबच उरतो, चंद्र उरत नाही. आई अशा वेळी नांदेडच्या वेळेला पाट मांडते, इमारतीच्या दिशेनं तोंड करून अर्घ्य देते आणि मोदकांचा डबा उघडते. तिच्या मते चंद्र उगवणं हे आकाशाचं काम, दिसणं हे आपलं नशीब, आणि शास्त्रात उदय म्हटलंय, दर्शन नाही. आत्याला हे अजिबात मान्य नाही. "दिसल्याशिवाय अर्घ्य कुणाला देतीस माय, त्या बिल्डिंगीला?" असं ती फोनवर विचारते. पावसाळ्यात ती धाराशिवात अकरा-साडेअकरापर्यंत खिडकीशी बसून राहते, मग एक कप दूध घेते आणि उपास सकाळी सोडते. आई म्हणते, सकाळी सोडला तर पंचमीला सोडला. दर पावसाळ्यात हा वाद एकदा होतो, आणि वहिनी दर वेळी विचारते की निदान दूध तरी कुणाच्या वेळेनं घ्यायचं.